सामना सुटला, पैज कुणाची?

7 जुलै 2025. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर ग्रिगॉर दिमित्रोव पहिल्या मानांकित यानिक सिनरला अक्षरशः खेळवत होता. पहिला सेट 6-3, दुसरा 7-5, तिसऱ्यात 2-2. तेवढ्यात सर्व्हिस करताना दिमित्रोवच्या छातीचा उजवा स्नायू गेला. तो खाली बसला, डॉक्टर आले आणि थोड्या वेळाने त्याने सामना सोडला. दोन सेट हरलेला सिनर उपांत्यपूर्व फेरीत गेला.

टेनिसच्या नोंदवहीत या निकालाबद्दल काही वाद नाही. समोरचा खेळाडू मधेच थांबला की उरलेला जिंकला, मग गुणफलक काहीही सांगो. पण ब्रिटनमध्ये त्या सामन्यावर रीतसर पैसे लावलेल्या लोकांचं काय झालं? ते कुठल्या बुकीकडे लावले होते, यावर अवलंबून होतं. सिनरवर शंभर पौंड लावलेल्या एकाला जिंकल्याचे पैसे मिळाले असतील, तर तेच शंभर पौंड दुसऱ्या दुकानात लावणाऱ्याला फक्त आपले शंभर परत. दिमित्रोवच्या बाजूने उभ्या असलेल्यांचंही तसंच. एकाचे पैसे बुडाले, शेजारच्याचे वाचले.

(भारतात हे सगळं कायद्याच्या बाहेरचं आहे. ऑगस्ट 2025मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. इथे बोलतोय ते ब्रिटनबद्दल, जिथे बुकी परवाना घेऊन उघडपणे धंदा करतो आणि त्याचे नियम छापील असतात.)

फुटबॉलमध्ये एक खेळाडू लंगडला तर बदली येतो आणि सामना पुढे चालतो. टेनिसच्या एकेरीत माणूस एकटाच. त्याचा घोटा मुरगळला की सामनाच संपला. टेनिसपुरता हा प्रश्न म्हणूनच रोजचा आहे आणि प्रत्येक बुकीला त्याचं उत्तर आधीच ठरवून ठेवावं लागतं. ढोबळमानाने चार उत्तरं प्रचलित आहेत, आणि ती समजून घ्यायला तीन सामने पुरतात.

पहिलं उत्तर सगळ्यांत कडक. सामन्यातला पहिला चेंडू पडला की पैज पक्की. त्यानंतर कुणी कधीही सोडो, जो पुढच्या फेरीत गेला तो जिंकला. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गेलेल्यांना हा विचार ओळखीचा वाटेल. शर्यत सुटायच्या आधी घोडा काढून घेतला तर पैसे परत, पण शर्यत सुरू झाल्यावर तो अडखळून पडला तर ते तुमचं नशीब.

दुसरं उत्तर म्हणजे निदान एक सेट पुरा झाला पाहिजे, तिसरं म्हणजे दोन सेट. त्याआधी कुणी सोडलं तर सगळ्या पैजा रद्द आणि पैसे परत, त्यानंतर सोडलं तर पुढे जाणारा विजेता. चौथं उत्तर असं, की सामना शेवटच्या गुणापर्यंत खेळला गेलाच पाहिजे, नाहीतर सगळं रद्द.

आता सामने. 2020च्या अमेरिकन ओपनमध्ये नोवाक जोकोविच त्या वर्षात एकही सामना न हरता चौथ्या फेरीत आला होता. पाब्लो कारेन्यो बुस्ताविरुद्ध पहिल्या सेटमध्ये 5-6 असा मागे पडल्यावर त्याने रागात मागे टोलवलेला चेंडू लाइनवर उभ्या असलेल्या पंच बाईंच्या गळ्याला लागला. जोकोविचला बाद ठरवलं गेलं. ही माघार नव्हे, हकालपट्टी. पण बहुतेक बुकी दोन्हींना एकच नियम लावतात. पहिल्या चेंडूचा नियम पाळणाऱ्याकडे जोकोविचवरचे सगळे पैसे बुडाले. बाकी तिन्ही नियमांत ते परत आले, कारण पहिला सेटच पुरा झाला नव्हता.

दुसरा सामना 24 जानेवारी 2025चा, ऑस्ट्रेलियन ओपनची उपांत्य फेरी. पुन्हा जोकोविच, समोर अलेक्झांडर झ्वेरेव. आदल्या सामन्यात जोकोविचच्या डाव्या पायाचा स्नायू फाटला होता. तरी तो खेळायला उतरला, एक तास एकवीस मिनिटं झुंजला आणि पहिला सेट टायब्रेकवर 7-5 असा हरला. हरल्या क्षणी तो जाळ्याकडे गेला, झ्वेरेवशी हात मिळवला आणि निघाला. प्रेक्षकांतल्या काहींनी हुर्यो केली, ती झ्वेरेवलाच आवडली नाही. पण पैजेच्या हिशेबाने पाहा: एक सेट पुरा. एक सेटवाल्याकडे झ्वेरेव जिंकला. दोन सेटवाल्याकडे आणि पूर्ण सामनावाल्याकडे सगळं रद्द. हाच जोकोविच टायब्रेक सुरू व्हायच्या आधी 6-6वर थांबला असता, तर एक सेटवाल्याकडेही सगळ्यांचे पैसे परत गेले असते.

तिसरा सामना सिनर आणि दिमित्रोवचा. तिथे दोन सेट पुरे झाले होते, त्यामुळे पहिल्या तिन्ही नियमांत सिनरवाले जिंकले. फक्त पूर्ण सामन्याचा आग्रह धरणाऱ्याकडे पैसे परत. गंमत म्हणजे दोन सेटची मर्यादा पुरी केली ती दिमित्रोवनेच, दोन्ही सेट स्वतः जिंकून. त्याच्यावर पैसे लावणाऱ्यांच्या विरोधात त्याचीच चांगली खेळी गेली.

मग सगळे बुकी एक नियम का पाळत नाहीत? याचं उत्तर बरेच लोक ‘बुकी लबाड असतात’ एवढ्यावर संपवतात. ते अगदीच खोटं नाही, पण अपुरं आहे. नियम बदलला की दुखापतीचा धोका एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो, आणि त्याबरोबर भावही बदलतो.

एक हिशेब करून पाहू. समजा अ आणि ब यांच्यात सामना आहे आणि ब च्या गुडघ्याचा भरवसा नाही. असे शंभर सामने झाले तर साठ अ पूर्ण खेळून जिंकेल, तीस ब जिंकेल आणि उरलेल्या दहांत ब मधेच सोडेल. पहिल्या चेंडूच्या नियमात अ चे विजय सत्तर. म्हणजे बुकीने स्वतःचा नफा बाजूला ठेवून रास्त भाव दिला तर अ ला 1.43 आणि ब ला 3.33, एक पौंड लावला तर हातात येणारी एकूण रक्कम ती. पूर्ण सामन्याच्या नियमात मात्र ते दहा सामने हिशेबातूनच बाद होतात. उरल्या नव्वदात साठ अ चे, तीस ब चे. आता अ चा रास्त भाव 1.50 होतो आणि ब चा 3.00.

सामना तोच, खेळाडू तेच, पण दोन वेगळे भाव आणि दोन्ही प्रामाणिक. अ वर पैसे लावणाऱ्याला 1.50 पाहून वाटेल की हा बुकी उदार आहे. तो उदार नाही. ब लंगडत बाहेर पडला तर मिळाले असते ते पैसे तो देणार नाही, म्हणून भाव चढा ठेवलाय. उलट ब वर लावणाऱ्याला 3.00 मध्ये कमी मिळतंय असं वाटतं, पण त्याला दुखापतीचा विमा फुकटात मिळालेला असतो. भावांची तुलना करणाऱ्या तक्त्यांत हा फरक दिसत नाही. तिथे फक्त आकडे शेजारी शेजारी असतात.

बुकीच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. पैज रद्द झाली की त्याला त्या उलाढालीवर काहीच सुटत नाही. दिवसभर भाव सांभाळायचे, लोकांचे पैसे घ्यायचे आणि शेवटी सगळे परत करायचे. सामना चालू असताना पैजा घेण्याचा धंदा वाढल्यापासून तर हे जास्तच डोळ्यावर येतं, कारण एका सामन्यावर भाव गुणागणिक हलतो आणि पैजाही तशाच पडत राहतात. म्हणून पहिल्या चेंडूचा नियम त्याला सोयीचा. पण त्याच नियमाने त्याला एक भीतीही असते: आतली बातमी.

आतली बातमी म्हणजे काय? खेळाडूच्या मालिशवाल्याला, सराव पाहणाऱ्याला किंवा हॉटेलातल्या कुणाला कळतं की आज याचा खांदा चालत नाहीये, हा फार वेळ टिकणार नाही. पहिल्या चेंडूच्या नियमात अशा माणसाने प्रतिस्पर्ध्यावर पैसे लावले की काम झालं. पूर्ण सामन्याच्या नियमात ही बातमी जवळजवळ निरुपयोगी, कारण खेळाडूने सोडलं की पैसे फक्त परत येणार. पण त्या नियमाला उलटी फट आहे. एखादा खेळाडू हरायला लागला की सोडून देतो, अशी त्याची ख्याती असेल तर त्याच्यावर पैसे लावणं फार सुखाचं होतं. जिंकला तर नफा, हरत आला आणि सोडलं तर मुद्दल परत. अशा खेळाडूंची यादी बुकींच्या डोक्यात पक्की असते.

एक सेटचा नियम या दोन टोकांच्या मधला. मला विचाराल तर तोच त्यातल्या त्यात बरा. पण त्याने प्रश्न सुटत नाही, फक्त पहिल्या सेटच्या शेवटाशी नेऊन ठेवला जातो. लंगडणारा खेळाडू 2-5ने मागे असताना सगळ्यांचं लक्ष तो सेट पुरा करतो की नाही याकडे असतं. त्या एका गेमवर सामन्याचा निकाल ठरत नाही, पैजांचा ठरतो.

बेटफेअरच्या एक्सचेंजवर हाच नियम आहे: एका सेटच्या आत सोडलं तर सामन्याच्या सगळ्या पैजा रद्द, नंतर सोडलं तर पुढे जाणारा विजेता. एक्सचेंज म्हणजे बुकी नव्हे. तिथे तुमच्यासमोर दुसरा ग्राहकच असतो. मुंबईच्या सट्टाबाजारात ‘लावणारा’ आणि ‘खाणारा’ म्हणतात तसे दोघे एकमेकांशी पैज घेतात आणि कंपनी जिंकणाऱ्याकडून दलाली कापते. म्हणून तिथे मेहेरबानीला जागा नाही. काही बुकी जाहिरातीसाठी म्हणतात, की तुमच्या खेळाडूने दुखापतीने सोडलं तर तुमचे पैसे परत, आणि समोरच्यावर लावणाऱ्यालाही आम्ही पूर्ण पैसे देऊ. बुकी स्वतःच्या खिशातून हे करू शकतो. एक्सचेंजवर एकाला परत केलेला पौंड दुसऱ्याच्या जिंकलेल्या रकमेतूनच यावा लागतो.

याच बेटफेअरने एकदा स्वतःचा नियम बाजूला ठेवला. 2 ऑगस्ट 2007, पोलंडमधलं सोपोत. जगात चौथ्या क्रमांकाचा निकोलाय डेव्हिडेन्को विरुद्ध अर्जेंटिनाचा मार्टिन वासालो आर्ग्वेयो, क्रमवारीत 87वा. कागदावर एकतर्फी सामना. पण पैसा आर्ग्वेयोच्या बाजूने येत राहिला. डेव्हिडेन्कोने पहिला सेट 6-2 जिंकला तरीही त्याच्याविरुद्धचा ओघ थांबेना. म्हणजे एक सेट पुढे असलेला जगातला चौथा खेळाडू हरणार, यावर लोक बिनधास्त पैसे लावत होते. दुसरा सेट आर्ग्वेयोने 6-3 घेतला आणि तिसऱ्यात 1-2 असताना डेव्हिडेन्कोने पायाच्या दुखापतीने सामना सोडला.

नियमाप्रमाणे आर्ग्वेयोवाले जिंकले होते. दोन सेट पुरे झाले होते. पण एवढ्या छोट्या सामन्यावर सुमारे 34 लाख पौंडांच्या पैजा जुळलेल्या पाहून बेटफेअरने त्या सगळ्या रद्द केल्या. व्यावसायिक टेनिसची संघटना एटीपीने वर्षभराहून जास्त चौकशी केली आणि सप्टेंबर 2008मध्ये दोन्ही खेळाडूंविरुद्ध पुरावा मिळाला नाही म्हणून प्रकरण बंद केलं. त्यामुळे डेव्हिडेन्कोवर काही ठपका नाही. पण त्या प्रकरणापासून माघारीचा नियम हा नुसता पैसे वाटण्याचा नियम राहिला नाही. पैशाचा ओघ गुणफलकाच्या उलटा वाहू लागला की कुणीतरी काहीतरी जाणतं, हे तेव्हा सगळ्यांना आकड्यांत दिसलं.

निकालाच्या पैजेखेरीज बाकीच्या पैजांची गोष्ट वेगळी. एकूण गेम किती होतील, कुणी किती सेटच्या फरकाने जिंकेल, यांना बहुतेक ठिकाणी पूर्ण सामनाच लागतो. अपवाद एकच: ज्याचा निकाल सामना सुटायच्या आधीच लागून गेला, ती पैज पक्की. पुन्हा सिनरचा सामना घ्या. पहिल्या सेटचे 9 गेम, दुसऱ्याचे 12, तिसऱ्याचे 4, एकूण 25. तिसरा सेट 2-2वर थांबला. तो कसाही पुरा झाला असता तरी लवकरात लवकर 6-2, म्हणजे त्या सेटचे किमान 8 गेम आणि सामन्याचे किमान 29. म्हणून ‘28.5 पेक्षा जास्त गेम’ अशी पैज अनेक बुकी जिंकली धरतात, प्रत्यक्षात 25च गेम झाले असले तरी. ‘35.5 पेक्षा जास्त’ मात्र रद्द, कारण तिथे निकाल दोन्ही बाजूंनी जाऊ शकत होता. काही बुकी मात्र असा अंदाज धरत नाहीत. प्रत्यक्ष खेळले गेले तेवढेच गेम मोजतात. पहिला सेट कोण जिंकेल यावरची पैज सगळीकडे दिमित्रोवच्या नावे सुटली.

या नियमांच्या फरकात सर्वांत जास्त पोळतात ते दोन दुकानांतले भाव जुळवून खात्रीचा नफा काढू पाहणारे. समजा एका बुकीकडे सिनरचा भाव 1.15 आणि दुसऱ्याकडे दिमित्रोवचा 8.50 मिळतो. हजार पौंडांतले 881 सिनरवर, 119 दिमित्रोववर लावले, की कुणीही जिंको, बारा पौंडांच्या आसपास सुटतात. कागदावर धोका शून्य. पण पहिल्या बुकीचा नियम पूर्ण सामन्याचा आणि दुसऱ्याचा एक सेटचा असेल तर? दिमित्रोवने सोडलं, सिनरवरचे 881 नुसते परत आले आणि दिमित्रोववरचे 119 गेले. बारा पौंडांच्या मागे लागून एकशे एकोणीस गमावले. दुकानं उलटी असती तर सिनरवर 132 पौंड नफा झाला असता आणि दिमित्रोववरचे 119 परत मिळाले असते. खात्रीचा म्हटलेला व्यवहार खरं तर दुखापतीवर लावलेली पैज होती, आणि ती कुठल्या बाजूने लागलीय हे लावणाऱ्याने पाहिलंच नव्हतं.

एकत्र जोडलेल्या पैजांमध्ये एक कडी रद्द झाली की तिचा भाव 1.00 धरतात आणि बाकीच्या कड्या चालू राहतात. चार सामन्यांची पैज तीनची होते, एवढंच.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2007पासून पैज हा न्यायालयात बजावता येईल असा करार आहे. बुकीला माघारीचा कुठला नियम ठेवायचा हे सरकार सांगत नाही. तो ग्राहकाला आधी वाचता यायला हवा, एवढीच अपेक्षा. वाद झाला तर 1998पासून चालू असलेल्या आयबास या स्वतंत्र लवादाकडे जाता येतं, आणि तिथे पहिला प्रश्न असतो तो पैज लावली तेव्हा नियमात काय लिहिलं होतं हा. दिमित्रोव दोन सेट पुढे होता, त्याच्यावर अन्याय झाला, या युक्तिवादाला तिथे फारशी किंमत नाही.

एका बाबतीत मात्र सगळ्या बुकींचं एकमत आहे. 2022च्या विम्बल्डनमध्ये राफाएल नदालच्या पोटाचा स्नायू टेलर फ्रिट्झविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात दुखावला. बाहेरून घरचे थांब म्हणून खुणावत असताना तो खेळत राहिला आणि पाचव्या सेटच्या टायब्रेकवर जिंकला. तो सामना पुरा झाला, त्यामुळे चारही नियमांत पैजा पक्क्या. दुसऱ्या दिवशी त्याने उपांत्य सामन्यातून नाव मागे घेतलं आणि निक किरियोस एकही चेंडू न खेळता अंतिम फेरीत गेला. हा वॉकओव्हर. त्या सामन्यावर लावलेले सगळे पैसे, दोन्ही बाजूंचे, परत गेले. पण नदाल स्पर्धा जिंकेल असं म्हणून पंधरा दिवस आधी पैसे लावलेल्यांना काहीच परत मिळालं नाही. त्या पैजेत तो स्पर्धेत खेळला होता आणि जिंकला नव्हता.